चांदीची उष्माधारकता: एक वारंवारता, अनेक वारंवारता आणि दोघींना जोडणारे 3R

कोल्हापुरात चांदी शोधायला लांब जावे लागत नाही. गुजरीत ती मिळते आणि हुपरीत तिचे पैंजण घडतात. म्हणून घन पदार्थाच्या उष्माधारकतेचा धडा शिकवताना मी उदाहरणासाठी चांदीच घेतो. सोयीचे दुसरे कारण असे की चांदीची डिबाय तापमानसंख्या 225 केल्विन आहे, म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा थोडीशीच खाली. त्यामुळे अभिजात मर्यादा जवळ आली आहे, पण अजून पूर्ण गाठलेली नाही, ही मधली अवस्था तिच्यात नीट दिसते.

या लेखात एकच काम करायचे आहे. आइन्स्टाइनचे 1907 चे प्रारूप सगळ्या अणूंना एकच वारंवारता देते. डिबायचे 1912 चे प्रारूप स्फटिकाला अखंड लवचीक माध्यम मानते आणि शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंतच्या सगळ्या वारंवारता मोजते. गृहीतके इतकी वेगळी असूनही उच्च तापमानाला दोन्ही प्रारूपे प्रति मोल 3R या एकाच उत्तरावर पोचतात. ती तिथे का पोचतात, किती अंतरावरून एकमेकांना भेटतात आणि कागदावर किंवा प्रयोगात हे तपासताना चूक कुठे होते, ते आपण चांदीच्या आकड्यांवर पायरीपायरीने पाहू. वाचकाला कलनशास्त्राची सवय आणि पुंजयामिकीतल्या दोलकाची ओळख असावी, एवढीच अपेक्षा आहे.

पहिली पायरी: एका दोलकाचे गणित पक्के करणे

दोन्ही प्रारूपांचा पाया एकच दोलक आहे. कोनीय वारंवारता ω असलेल्या दोलकाची T तापमानाला सरासरी ऊर्जा अशी असते:

E = ħω [ 1/2 + 1/(eˣ − 1) ], जिथे x = ħω/kT

इथे x ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची राशी आहे. ती दोलकाच्या एका ऊर्जापायरीची kT शी तुलना करते. x लहान असेल तर पायऱ्या kT च्या मानाने इतक्या बारीक असतात की दोलकाला त्या जाणवत नाहीत, आणि तोच अभिजात प्रदेश. x मोठा असेल तर पहिल्या पायरीवर चढण्याइतकीही ऊर्जा सहसा मिळत नाही आणि दोलक गोठल्यासारखा वागतो. ħω/k या राशीला तापमानाचे एकक असते. तिलाच θ म्हणायचे, म्हणजे x = θ/T.

आता x लहान असताना कंसातल्या दुसऱ्या पदाचा विस्तार करा:

1/(eˣ − 1) = 1/x − 1/2 + x/12 − x³/720 + …

दुसरे पद −1/2 आहे आणि ते शून्यबिंदू ऊर्जेच्या +1/2 ला नेमके खोडते. त्यामुळे

E = kT [ 1 + x²/12 − x⁴/720 + … ]

असे उत्तर येते आणि त्यात x चे विषम घात कुठेच उरत नाहीत. ही जागा मी वर्गात मुद्दाम सावकाश शिकवतो. शून्यबिंदू ऊर्जा वगळून गणित केले तर उच्च तापमानाला ऊर्जा kT च्या खाली ħω/2 एवढ्या स्थिर अंतराने राहते आणि विद्यार्थ्याला वाटते की समविभाजनाचा नियम मोडला. प्रत्यक्षात ते अंतर तापमानावर अवलंबून नसते, म्हणून ऊर्जेचे तापमानाशी अवकलन केल्यावर त्याचा मागमूस उरत नाही. उष्माधारकता दोन्ही प्रकारे एकच येते:

c = k [ 1 − x²/12 + x⁴/240 − x⁶/6048 + … ]

हा विस्तार कुठपर्यंत चालतो तेही आत्ताच लक्षात घ्यावे. eˣ − 1 हे पद x = 2πi ला शून्य होते, म्हणून मालिका फक्त |x| < 2π असताना अभिसारी असते. T जर θ/6.28 च्या खाली गेले तर कितीही पदे घेतली तरी उत्तर सुधारत नाही, उलट बिघडत जाते. तिथे संपूर्ण सूत्रच वापरावे लागते:

c = k x² eˣ / (eˣ − 1)²

दुसरी पायरी: एकाच वारंवारतेचे प्रारूप

N अणूंच्या स्फटिकात प्रत्येक अणू तीन दिशांना हलू शकतो, म्हणून एकूण 3N कंपनप्रकार असतात. आइन्स्टाइनने त्या सर्वांना एकच वारंवारता दिली. मग एका मोलसाठी काम सोपे होते. वरचे c घ्यायचे, त्याला 3N ने गुणायचे आणि Nk च्या जागी R लिहायचा:

C = 3R [ 1 − (1/12)(θE/T)² + (1/240)(θE/T)⁴ − … ]

T वाढत गेला की कंसात फक्त 1 उरतो आणि C = 3R, म्हणजे 24.94 ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. ड्यूलाँ आणि पेती यांनी 1819 मध्ये प्रयोगांवरून मांडलेला नियम हाच.

या प्रारूपाची मूळ परीक्षा हिऱ्यावर झाली. हिऱ्याची उष्माधारकता खोलीच्या तापमानाला 3R च्या चतुर्थांशाहूनही कमी, सुमारे 6.1 असते आणि अभिजात सिद्धान्ताकडे त्याचे उत्तर नव्हते. आइन्स्टाइनने θE सुमारे 1320 केल्विन घेतली. ती वापरून 298 केल्विनला x = 4.43 आणि C सुमारे 6.0 येते. यावरून एक गोष्ट मनात पक्की करावी. ‘उच्च तापमान’ हा शब्द थर्मामीटरवरच्या आकड्याविषयी नसतो. कोल्हापुरातल्या मे महिन्याच्या दुपारी चांदी उच्च तापमानाला असते आणि त्याच टेबलावरचा हिरा निम्न तापमानाला असतो, कारण महत्त्व T ला नसून θ/T ला आहे.

तिसरी पायरी: अखंड माध्यमाचे प्रारूप, पण सरासरी म्हणून

डिबायचे सूत्र पाठ्यपुस्तकात बहुधा एका मोठ्या समाकलनाच्या रूपात येते आणि विद्यार्थी त्याला वेगळाच प्राणी समजतात. मला दुसरी मांडणी अधिक उपयोगी वाटते. डिबायचे प्रारूप म्हणजे आइन्स्टाइनच्या उत्तरांची भारित सरासरी आहे.

अखंड लवचीक माध्यमात ध्वनितरंगाची वारंवारता तरंगसदिशाच्या लांबीच्या प्रमाणात असते. तरंगसदिशांच्या अवकाशात त्रिज्या वाढत गेली की गोलाच्या पातळ कवचात बसणाऱ्या प्रकारांची संख्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ω जवळच्या कंपनप्रकारांची संख्या ω² च्या प्रमाणात असते. खऱ्या अखंड माध्यमात ही वाढ कुठेच थांबत नाही. डिबायने मात्र लक्षात ठेवले की स्फटिकात अणू मोजकेच आहेत आणि एकूण प्रकार 3N पेक्षा जास्त असू शकत नाहीत. म्हणून त्याने ωD या वारंवारतेला मोजणी थांबवली आणि ωD अशी निवडली की एकूण बेरीज बरोबर 3N यावी.

ω = u·ωD असे लिहिले, जिथे u शून्यापासून एकपर्यंत जातो, तर भार 3u² होतो. त्याचे शून्यापासून एकपर्यंतचे समाकलन 1 येते, म्हणजे ती खरोखर सरासरी आहे. एका दोलकाच्या c/k ला f(x) म्हटले तर

C = 3R ∫₀¹ 3u² f(u θD/T) du

हे अखंड माध्यमाचे संपूर्ण प्रारूप. आता f च्या मालिकेतले प्रत्येक पद सरासरीत घाला. u² ची सरासरी 3/5, u⁴ ची 3/7 आणि u⁶ ची 3/9. पदे गुणली की

C = 3R [ 1 − (1/20)(θD/T)² + (1/560)(θD/T)⁴ − (1/18144)(θD/T)⁶ + … ]

चौथी पायरी: दोघांना एकच मर्यादा का मिळते

वरच्या दोन मालिका शेजारी ठेवून पाहिल्या की उत्तर डोळ्यांसमोर येते. कंसातला 1 हा कंपनप्रकारांच्या वारंवारतेतून आलेला नाही. तो त्यांच्या संख्येतून आला आहे. उच्च तापमानाला प्रत्येक दोलक k देतो, मग त्याची वारंवारता कोणतीही असो. म्हणून वारंवारतांची वाटणी कशीही करा, एकूण प्रकार 3N ठेवलेत तर 3R येणारच. आइन्स्टाइनने 3N प्रकार एका ठिकाणी उभे केले, डिबायने तेच 3N एका पट्ट्यात पसरवले. मर्यादेला ही पसरण दिसतच नाही.

याचा उलटा अर्थही महत्त्वाचा आहे. डिबायने वारंवारतेला वरची मर्यादा घातली नसती तर निम्न तापमानाचा T³ नियम तसाच मिळाला असता, पण उच्च तापमानाला उष्माधारकता थांबली नसती, T³ ने वाढतच राहिली असती. म्हणजे अखंड माध्यमाच्या प्रारूपाला अभिजात मर्यादा मिळते ती माध्यमाच्या अखंडपणामुळे नव्हे. अणू मोजता येतात हे त्या अखंडपणावर बाहेरून घातलेले बंधन ती मर्यादा देते. ‘डिबायचे प्रारूप उच्च तापमानाला 3R देते’ हे वाक्य लिहिताना हे बंधन विसरले जाते, आणि मला ते विसरणे खटकते.

आता दुसरे पद पाहा. कोणत्याही वाटणीसाठी पहिली दुरुस्ती वारंवारतेच्या वर्गाच्या सरासरीवर अवलंबून असते:

C ≈ 3R [ 1 − ħ²⟨ω²⟩ / 12k²T² ]

आइन्स्टाइनसाठी ⟨ω²⟩ = ωE², डिबायसाठी ⟨ω²⟩ = (3/5)ωD². म्हणून दोन्ही प्रारूपांची तुलना प्रामाणिकपणे करायची असेल तर या दोन राशी समान ठेवाव्या लागतात:

θE = √(3/5) θD = 0.775 θD

ही अट पाळली की दोन्ही वक्र केवळ 3R या मर्यादेत नव्हे, तर मर्यादेकडे जाण्याच्या वाटेवरही एकत्र येतात. फरक उरतो तो चौथ्या घातापासून. तिथे आइन्स्टाइनचा गुणक (9/25)/240, म्हणजे 1/667 होतो आणि डिबायचा 1/560.

पाचवी पायरी: चांदीवर आकडेमोड

θD = 225 केल्विन, म्हणून θE = 174.3 केल्विन. T = 298.15 केल्विन घेऊ.

डिबायसाठी (θD/T)² = 0.5695. दुसरे पद 0.02848, चौथ्या घाताचे पद 0.00058, सहाव्या घाताचे 0.00001. बेरीज 1 − 0.02848 + 0.00058 − 0.00001 = 0.97209 आणि C = 24.247.

आइन्स्टाइनसाठी (θE/T)² = 0.3417. दुसरे पद तेच 0.02848, कारण आपण ते जुळवूनच घेतले आहे. चौथ्या घाताचे पद 0.00049. बेरीज 0.97200 आणि C = 24.245.

दोघांत 0.002 ज्यूलचा फरक आहे, म्हणजे दहा हजारात एक भागाएवढा. कोणतीही कॉलेजची प्रयोगशाळा हा फरक पाहू शकणार नाही. दोन्ही उत्तरे 3R च्या 2.8 टक्के खाली आहेत आणि हे 2.8 टक्के मात्र खरे भौतिकशास्त्र आहे: खोलीच्या तापमानाला चांदीत उरलेला पुंजीय परिणाम.

आता सर्वांत जास्त आढळणारी चूक करून पाहा. दोन्ही प्रारूपांना एकच θ द्या, म्हणजे θE लाही 225 करा. आइन्स्टाइनचे उत्तर 23.79 होते आणि डिबायपेक्षा 0.45 ने कमी दिसते. अशा पद्धतीने काढलेले आलेख पाहून ‘आइन्स्टाइनचे प्रारूप उच्च तापमानालाही 3R कडे हळू जाते’ असा निष्कर्ष काढला जातो. तो प्रारूपाचा दोष नाही, निवडीचा आहे. डिबायची θ ही पट्ट्याची वरची कड असते आणि आइन्स्टाइनची θ ही एक प्रातिनिधिक वारंवारता असते. कड आणि प्रतिनिधी यांना एकच आकडा देणे म्हणजे वर्गातल्या सर्वांत उंच मुलाची उंची हीच सरासरी उंची मानणे. आलेखावर दोन्ही वक्र 3R जवळही एकमेकांपासून दूर दिसले, तर आधी θ कशा निवडल्या ते पाहावे.

संगणकावर करून पाहायचे असेल तर हा छोटा प्रोग्राम पुरतो:

```python
import math
R = 8.314462618

def f(x):
    if x < 1e-4:
        return 1 - x*x/12
    if x > 700:
        return 0.0
    h = x/2
    return (h/math.sinh(h))**2

def einstein(T, th):
    return 3*R*f(th/T)

def debye(T, th, n=2000):
    s = 0.0
    for i in range(n):
        u = (i + 0.5)/n
        s += 3*u*u*f(u*th/T)
    return 3*R*s/n

for T in (20, 77, 100, 298.15):
    print(T, einstein(T, 174.3), debye(T, 225))
```

इथे x²eˣ/(eˣ−1)² च्या जागी (h/sinh h)² लिहिले आहे. दोन्ही रूपे एकच आहेत, पण पहिले रूप संगणकावर दोन्ही टोकांना त्रास देते. x खूप लहान असताना eˣ − 1 मध्ये जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते आणि अर्थपूर्ण अंक हरवतात. नेमक्या ज्या मर्यादेची परीक्षा घ्यायची असते तिथेच वक्र थरथरू लागतो किंवा 3R च्या वर उडी मारतो. x खूप मोठा असताना घातफल संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. तुमचा वक्र 3R च्या किंचित वर जात असेल तर ते गणिताचे नव्हे, वजाबाकीचे काम आहे असे समजावे, कारण संवादी दोलकाची उष्माधारकता k ओलांडूच शकत नाही.

सहावी पायरी: मोजलेल्या आकड्याशी गाठ

आता पुस्तकातल्या तक्त्यात चांदीची उष्माधारकता पाहिली तर खोलीच्या तापमानाला 25.35 लिहिलेली सापडते. ती 3R पेक्षा जास्त आहे. प्रारूपे म्हणतात 24.25, आणि दोन्ही आकडे 24.94 च्या दोन बाजूंना. अनेकांचा इथे गोंधळ होतो आणि काही जण θ हलवून आकडा जुळवू पाहतात. कितीही हलवली तरी जुळणार नाही, कारण θ शून्य केली तरी प्रारूप 24.94 च्या वर जात नाही.

कारण असे की तक्त्यातला आकडा स्थिर दाबाचा आहे आणि प्रारूपाचा आकडा स्थिर घनफळाचा. तापवताना चांदी प्रसरण पावते आणि त्या प्रसरणाची किंमत स्थिर दाबाच्या मोजणीत मिसळते. दोघांतला फरक β²BVT असतो. चांदीसाठी घनफळ प्रसरणांक β = 5.67×10⁻⁵ प्रति केल्विन, आयतन लवचीकता गुणांक B सुमारे 1.0×10¹¹ पास्कल आणि मोलर घनफळ V = 10.27×10⁻⁶ घनमीटर घ्या. 298 केल्विनला फरक जवळजवळ 1.0 ज्यूल येतो. मग 25.35 मधून 1.0 वजा करून 24.35 उरते. चांदी धातू असल्यामुळे तिच्यातले मुक्त इलेक्ट्रॉन आणखी सुमारे 0.19 देतात. तेही काढले की जालकाच्या कंपनांसाठी 24.16 उरते. प्रारूपाने 24.25 सांगितले होते.

जुळणी चांगली आहे, पण तिच्यावर जास्त भार टाकू नये. वजा केलेले दोन्ही आकडे अंदाजी आहेत आणि 3R पासूनचे अंतर मुळात लहान आहे. त्या अंतरावरून उलट θ काढायला गेलात तर उष्माधारकतेतली 0.1 ज्यूलची चूक θ मध्ये सुमारे 15 केल्विनची चूक होऊन बाहेर येते. खोलीच्या तापमानाच्या मोजणीतून डिबाय तापमानसंख्या काढण्याचा प्रकल्प मी म्हणूनच कोणाला देत नाही.

तापमान आणखी वाढवले तर प्रारूपातली दुरुस्ती 1/T² ने नाहीशी होते, पण प्रसरणाचा हिस्सा T बरोबर वाढत राहतो. त्यामुळे मोजलेला वक्र 3R वर सपाट होत नाही, तो ओलांडून हळूहळू चढतच राहतो. दोन्ही प्रारूपे कंपने संवादी मानतात आणि संवादी स्फटिक प्रसरण पावतच नाही. ही मर्यादा दोघांचीही सारखीच आहे.

कोल्हापुरात प्रयोग करताना

मिश्रण पद्धतीने चांदीची उष्माधारकता काढण्याचा प्रयोग आपल्याकडे सहज होतो. 50 ग्रॅम चांदी वाफेच्या नळीत तापवायची आणि कॅलरीमापीतल्या पाण्यात सोडायची. पाणी आणि कॅलरीमापी मिळून 65 ग्रॅम पाण्याएवढी असतील आणि पाणी 25 अंशांवर असेल, तर ते सुमारे 28 वर जाते. वाढ तीनच अंशांची. थर्मामीटरवर 0.1 अंशाची चूक झाली तरी उत्तर तीन टक्क्यांनी हलते. म्हणजे ज्या 2.8 टक्क्यांच्या पुंजीय दुरुस्तीविषयी आपण एवढे बोललो, ती या प्रयोगाच्या चुकीच्या पट्ट्यातच बुडालेली असते.

याहून फसवी गोष्ट वाफेच्या तापमानाची आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, म्हणून इथे पाणी 100 अंशांना न उकळता सुमारे 98 अंशांना उकळते. प्रयोगवहीत मात्र सवयीने 100 लिहिले जाते. माझ्याही विद्यार्थीदशेतल्या वहीत ते तसेच आहे. परिणाम पाहा. चांदी खरोखर 98 वरून 28 वर आली, म्हणजे 70 अंश, पण आपण 72 ने भागले. खरे उत्तर 25.5 च्या आसपास असायला हवे, ते 24.8 येते. 24.8 हा आकडा 3R च्या किंचित खाली आहे आणि प्रारूपाने नेमके तसेच सांगितले होते, म्हणून विद्यार्थी समाधानाने वही मिटतो. चूक आणि सिद्धान्त एकाच बाजूला झुकले की चूक लपते. वाफेचे तापमान नळीतच थर्मामीटर ठेवून वाचावे, किंवा त्या दिवसाच्या वायुदाबावरून काढावे.

चांदीच्या शुद्धतेचाही विचार करावा लागतो. पैंजणाची चांदी शुद्ध नसते. समजा ती 92.5 टक्के चांदी आणि 7.5 टक्के तांबे आहे. ग्रॅममागे उष्माधारकता 0.235 ऐवजी 0.246 येईल, म्हणजे जवळजवळ पाच टक्के जास्त. तिला चांदीच्या 107.87 या अणुवस्तुमानाने गुणले तर 26.6 येते आणि आकडा बिघडलेला दिसतो. पण या मिश्रधातूचे सरासरी अणुवस्तुमान 102.5 आहे. त्याने गुणले की 25.25 मिळते, शुद्ध चांदीच्या अगदी जवळ. चौथ्या पायरीतले तत्त्व इथे हाताला लागते: या तापमानाला धातू ग्रॅम मोजत नाही, अणू मोजतो.

प्रारूपे वेगळी होतात ती जागा

मग आइन्स्टाइन आणि डिबाय यांच्यात निवाडा कुठे होतो? आपल्या जुळवलेल्या θ घेऊन खाली उतरत जा. 100 केल्विनला आइन्स्टाइन 19.48 देतो, डिबाय 19.62. द्रवरूप नायट्रोजनच्या 77 केल्विनला 16.55 आणि 16.86. इतके खाली जाऊनही फरक दोन टक्क्यांचाच आहे. म्हणून द्रवरूप नायट्रोजन मिळाला म्हणजे दोन प्रारूपांचा निकाल लावता येईल, ही अपेक्षा ठेवू नये.

20 केल्विनला चित्र बदलते. आइन्स्टाइन 0.31 देतो, डिबाय 1.35. एकच वारंवारता असलेल्या स्फटिकात सगळे दोलक एकदम गोठतात आणि उष्माधारकता घातफलाने कोसळते. डिबायच्या पट्ट्यात मात्र शून्याजवळच्या मंद वारंवारता शिल्लक असतात आणि 20 केल्विनलाही त्या ऊर्जा घेत राहतात. 10 केल्विनला डिबाय 0.17 वर असतो आणि आइन्स्टाइन त्याच्या आठशेव्या भागाहूनही खाली गेलेला असतो. एक सावधगिरी अशी की या भागात मालिका वापरू नये. 20 केल्विनला डिबायचा x = 11.25 आहे, 2π च्या बराच पुढे, आणि मालिकेची पदे प्रचंड होत जातात. वरचा प्रोग्राम संपूर्ण सूत्र वापरतो, म्हणून तो चालतो.

20 केल्विनला चांदीचा मोजलेला आकडा सुमारे 1.7 आहे. त्यातला इलेक्ट्रॉनांचा वाटा शंभरात एक भागाइतकाही नाही. आइन्स्टाइन पाचपटीने चुकला आणि डिबायही पाचव्या भागाने कमी पडला. कारण खऱ्या चांदीत वारंवारतांची वाटणी ω² इतकी साधी नसते. तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या जवळ येऊ लागली की तरंग मंदावतात आणि मंद वारंवारतांची गर्दी प्रारूपाने धरल्यापेक्षा जास्त होते. 225 हा आकडा अगदी निम्न तापमानाच्या T³ नियमावरून काढलेला आहे. 20 केल्विनच्या मोजणीला जुळवायला गेलात तर θD सुमारे 210 घ्यावी लागते. तक्त्यातून θ उचलताना ती कोणत्या तापमानाच्या मोजणीतून आली आहे हे पाहून घ्यावे, आणि अभिजात मर्यादेजवळचे गणित करायचे असेल तर ⟨ω²⟩ शी जुळणारी θ घ्यावी, कारण तिथे स्फटिकाच्या सगळ्या वारंवारतांपैकी तेवढी एकच सरासरी उत्तरात उतरते.